योजिले आहे, पण कोणी?

लग्नपत्रिका हातात आली की आपण ती वाचत नाही. तारीख बघतो, कार्यालय बघतो, मुहूर्तावरून पहिली पंगत किती वाजता बसेल याचा अंदाज बांधतो. जवळचं लग्न असेल तर निमंत्रकांच्या यादीत आपलं नाव आहे का आणि असलं तर कुणाच्या खाली आहे, तेवढं तपासतो आणि पत्रिका फ्रीजवर ठेवून देतो. मधला सगळा मजकूर सर्वांना पाठ असतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ इथपासून ‘उपस्थित राहून शुभाशीर्वाद द्यावेत’ इथपर्यंत नजर घसरगुंडीवरून उतरल्यासारखी उतरते.

हल्ली लग्न ठरलेल्या जोडप्याला नेमका हाच मजकूर बदलायचा असतो. ‘जरा वेगळी करू या, विनोदी’ असं म्हणून घरातल्या लिहित्या नातेवाइकाकडे काम सोपवलं जातं. त्या नातेवाइकासाठी हा लेख आहे.

पहिला मोह होतो तो पत्रिकेचा आकारच बदलण्याचा. गोळ्यांच्या पाकिटासारखी पत्रिका, विमानाच्या बोर्डिंग पाससारखी, आधार कार्डासारखी, सिनेमाच्या पोस्टरसारखी. हे सगळं होऊन गेलं आहे, आणि त्यात विनोद एकच असतो: ‘अरे, हे तर आधार कार्ड!’ पत्रिका पाकिटातून बाहेर येताच तो संपतो. मग आतला मजकूर त्या साच्यात कोंबताना जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख आणि पत्त्याच्या जागी कार्यालय एवढीच कसरत उरते.

दुसरा मोह जास्त घातक आहे. लग्न म्हणजे संकट, नवरा म्हणजे वाघाची शेळी, बायको म्हणजे गृहमंत्री, ‘आमच्या मित्राचे स्वातंत्र्य संपत आहे, अंत्यदर्शनास यावे’. हे विनोद मित्रांच्या गटावर खपतात, कारण तिथे वाचणारे सगळे एका बाजूचे असतात. पत्रिका दोन्ही घरांत जाते. मुलीच्या आजोबांनी ‘संकट’ हा शब्द वाचला की त्यांच्या डोळ्यांसमोर आपली नात येते. शिवाय हे विनोद कुठल्याही लग्नाला चालतात, म्हणून ते या लग्नाचे नसतात.

मला विचाराल तर विनोदाची जागा जुन्या मजकुरातच आहे. ती भाषा इतकी ताठ उभी असते की तिला एका बोटानं हलकंसं ढकललं तरी हसू येतं. पण ढकलायचं एकाच बोटानं. सांगाडा जुनाच ठेवायचा आणि तोच सभ्य, सरकारी, नाकासमोर चालणारा आवाज धरून त्यात घरातली खरी गोष्ट सांगायची.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, मुलगा निखिल, सांगलीचा, नोकरीला पुण्यात. मुलगी सायली, नाशिकची. दोघांची सहा वर्षांची ओळख. घरी सांगितलं गेल्या वर्षी. निखिल कुठेही वेळेवर पोहोचत नाही, हे दोन्ही घरांत सर्वमान्य. मुलाकडची नेहमीची पत्रिका अशी होईल (आडनावं आणि पत्ते इथे गाळले आहेत):

॥ श्री गजानन प्रसन्न ॥ ॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
स. न. वि. वि.
आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे ज्येष्ठ चिरंजीव निखिल यांचा शुभविवाह नाशिक येथील श्री. … यांची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां. सायली हिच्याशी मिती मार्गशीर्ष शु. १०, शके १९४७, रविवार दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलसमयी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही आग्रहाची विनंती.
आपले विनीत: …
आमच्या निखिलकाकाच्या लग्नाला नक्की यायचं हं! – चिंटू, परी
टीप: कृपया आहेर आणू नये.

आता यात बोलतंय कोण, ते पाहा. ‘आमचे येथे’, ‘आमचे चिरंजीव’, ‘योजिले आहे’. बोलणारे आईवडील आहेत. नवरानवरी या पत्रिकेत एक शब्दही बोलत नाहीत, त्यांच्याबद्दल बोललं जातं. विनोदी पत्रिका लिहिताना बहुतेक जण नकळत हा आवाज बदलतात आणि ‘आम्ही दोघं लग्न करतोय, तुम्ही यायलाच पाहिजे’ अशा सुरावर येतात. त्यात गैर काही नाही, पण तिथे एक अडचण उभी राहते. ज्यांना बोलवायचंय त्यांतले निम्मे लोक आईवडिलांच्या ओळखीचे असतात. त्यांना एरवी आपल्या मित्रानं दिलेलं बोलावणं आता मित्राच्या मुलानं दिल्यासारखं वाटतं आणि ‘आम्हाला कुणी बोलावलं नाही’ हे वाक्य तयार होतं. म्हणून आवाज आईवडिलांचाच राहू द्यावा. खरी गंमतही तिथेच दडलेली आहे, कारण ‘योजिले आहे’ असं म्हणणाऱ्यांनी या लग्नात काहीही योजलेलं नाही. योजलं आहे मुलांनी. ही फट सापडली की पत्रिकेचा मधला परिच्छेद आपोआप सुचतो:

आमचे येथे श्रीकृपेकरून, तसेच मुलांनी परस्पर घेतलेल्या निर्णयास अनुसरून, आमचे ज्येष्ठ चिरंजीव निखिल यांचा शुभविवाह नाशिक येथील श्री. … यांची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां. सायली हिच्याशी करण्याचे योजिले आहे. ही योजना दोघांनी सहा वर्षांपूर्वीच आखली होती, असे आम्हांस गेल्या वर्षी कळवण्यात आले. (आम्हांस ते पाच वर्षांपूर्वीच कळले होते, हे आम्ही त्यांस अद्याप कळवलेले नाही.)

या परिच्छेदात एकही विनोदी शब्द नाही, हे लक्षात घ्या. ‘निर्णयास अनुसरून’, ‘कळवण्यात आले’, ‘आम्हांस’ ही सगळी कचेरीतली भाषा आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. पहिल्या मसुद्यात कुणीतरी हमखास ‘अहो, या पठ्ठ्यांनी तर सहा वर्षं आम्हाला पत्ताच लागू दिला नाही!’ असं लिहितं. माहिती तीच, पण बोलणारा स्वतःच हसायला लागला की ऐकणाऱ्याला हसायला जागा उरत नाही. उद्गारचिन्हं पुसली की निम्मं काम होतं. दुसरी गोष्ट म्हणजे कंसातलं वाक्य. तिथे आईवडील मुलांवर मात करतात. ते नसतं तर पत्रिकाभर थोरली माणसं फसवली गेलेली दिसली असती आणि वडिलांनी ती छापायला मुळीच दिली नसती.

आता मुहूर्त. १२ वाजून ३५ मिनिटे हा असला काटेकोर आकडा आला कुठून, असं पुष्कळांना वाटतं. पंचांगकर्ते मुहूर्त लग्नराशीवरून काढतात, आणि क्षितिजावरची रास दिवसभर सरकत असल्यामुळे वेळ मिनिटांत येते. घड्याळं नव्हती तेव्हा पाण्यावर भोक असलेली तांब्याची वाटी सोडून घटिका मोजत. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं. आजही गुरुजी मनगटाकडे बघत मंगलाष्टकं लांबवतात किंवा आवरतात ती याच आकड्यापायी. पत्रिकेतली ही एकमेव ओळ आहे जिला बोट लावायचं नाही. ‘साडेबाराच्या आसपास’ असं गमतीनं लिहिलं की निम्मे पाहुणे एक वाजता येतात आणि त्यांच्या अक्षता खिशातच राहतात. म्हणून वेळ कोरडीठाक लिहायची, पूर्णविराम द्यायचा आणि विनोद त्याच्यापुढे, वेगळ्या वाक्यात:

मिती मार्गशीर्ष शु. १०, शके १९४७, रविवार दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे हा शुभमुहूर्त आहे. वर आजवर कोठेही वेळेवर पोहोचलेला नसल्यामुळे त्यास मुहूर्त ११ वाजताचा सांगितला आहे. कृपया ही पत्रिका त्यास दाखवू नये.

हे एवढं वाक्य पाहुण्यांना कटात सामील करून घेतं, आणि लग्नात दहा जण तरी नवऱ्याला ‘किती वाजताचा मुहूर्त आहे रे?’ असं विचारतात. जाता जाता शकाबद्दल. इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९ वजा करायचे असतात. फेब्रुवारीतल्या लग्नांच्या पत्रिकांवर हटकून चुकीचा शक छापला जातो, आणि ती चूक नेमकी मुलीच्या मामांना दिसते.

इथे एक विनोद गाळला, त्याचं कारण सांगतो. ‘सावधान’ म्हटलं की मराठी माणसाला लग्नमंडपातून निघून गेलेले समर्थ रामदास आठवतात. ‘सदर शब्द ऐकून मंडप सोडण्याचा मान जांबेच्या एका थोर पुरुषास आधीच मिळालेला असल्याने वराने तसा प्रयत्न करू नये’ हे वाक्य मला फार आवडलं होतं. पण निखिल सहा वर्षं या मुहूर्ताची वाट बघतो आहे. तो पळणारा नाही, फार तर उशिरा येणारा आहे. वरच्या परिच्छेदात उभं केलेलं माणसाचं चित्र खालच्या विनोदानं खोडलं जात असेल, तर विनोद कितीही चांगला असला तरी काढावा लागतो. ठरवून केलेल्या लग्नात, दोनदा कांदेपोहे झाल्यावर लगेच साखरपुडा झाला असेल तर, ते वाक्य अगदी चपखल बसेल. ज्याला हवं त्यानं घ्यावं.

चिंटू आणि परीच्या ओळीकडे मात्र वळायलाच हवं. ज्यांना लिहिता येत नाही अशा मुलांच्या तोंडी घातलेलं हे वाक्य म्हणजे मराठी पत्रिकेतला मूळचा विनोद, आणि तो वर्षानुवर्षं गंभीरपणे छापला जातो आहे. तो काढून टाकू नये, माणसं बदलावीत:

आमच्या निखिलच्या लग्नाला नक्की यायचं हं! – आजी (वय ८४, वरातीत नाचणार आहेत)

आजींना विचारून, अर्थातच. आणि यादीत ‘कै.’ लावलेलं एखादं नाव असेल, तर त्याच्या वरच्या-खालच्या ओळीत काहीही गंमत नको. माथ्यावरचे गजानन आणि खंडोबा यांनाही हात लावायचा नाही. पहिली पत्रिका हळदकुंकू लावून देवापुढे ठेवली जाते. ती आजोबांच्या हातून ठेवली जाणार आहे, हे लिहिताना आठवावं.

उरला आहेर. ‘आहेर आणू नये’ हे वाक्य इतकं छापलं गेलं आहे की त्याचा अर्थ कुणालाच नक्की ठाऊक नसतो, आणि त्यात विनोद घातला तर गोंधळ वाढतो. ‘आहेर आणू नये, आणल्यास मोठा आणावा’ असलं काही लिहिलं, तर संकोची माणूस पाकीट खिशात ठेवून येतो, काढू की नको करत रांगेत उभा राहतो आणि शेवटी काढतोच. मुहूर्ताला लावलेला नियम इथेही लावायचा. आधी सरळ वाक्य, मग गंमत:

टीप: आहेर कोणत्याही स्वरूपात स्वीकारला जाणार नाही. घरात तीन लेमन सेट व पाच भिंतीवरची घड्याळे आधीच आहेत. घड्याळाचा तर वरास काहीही उपयोग झालेला नाही.

घड्याळानं उशिराची गोष्ट पुन्हा वर काढली, म्हणून ही टीप बाकीच्यांपेक्षा जास्त हसवते. पत्रिकेत मोजून तीन-चार विनोद मावतात. त्यांतले दोन एकाच धाग्याचे असले तर ते एकमेकांना धरून उभे राहतात. चार वेगळे विनोद घातले तर ती विनोदांची यादी होते आणि लग्न बाजूला पडतं. छापील पत्रिकेच्या एका पानावर वाचता येईल अशा अक्षरात शंभर-सव्वाशे शब्द बसतात, हेही भान ठेवावं. आजींना नाचायचं असेल, पण चष्मा लावूनही पत्रिका वाचता आली नाही तर त्या कुणाला सोडणार नाहीत.

हे सगळं मुलाकडच्या पत्रिकेबद्दल झालं. आपल्याकडे दोन्ही घरं आपापली पत्रिका छापतात, आणि तीच विनोदी पत्रिका नावांची उलटापालट करून मुलीकडे पाठवणं ही या कामातली सगळ्यात मोठी फजिती ठरू शकते. ‘आम्हांस पाच वर्षांपूर्वीच कळले होते’ हे मुलाच्या बापाच्या तोंडी मिश्कील वाटतं. मुलीच्या बापाच्या तोंडी तेच वाक्य भावकीत वेगळ्या कानांनी ऐकलं जातं. हे योग्य आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, पण पत्रिका ज्यांच्या नावानं निघते त्यांना पुढची वीस वर्षं त्याच भावकीत राहायचं असतं. म्हणून तिथला मजकूर सायलीशी आणि तिच्या वडिलांशी बोलून वेगळा लिहावा. समजा सायली अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते असं सांगून बाहेर पडायची. तर एक वाक्य असं होऊ शकतं:

आमची कनिष्ठ कन्या गेली काही वर्षे ज्या मैत्रिणीकडे अभ्यासास जात असे, ती मैत्रीण सहा फूट उंच असून दाढी राखते, असे निष्पन्न झाल्याने हा शुभविवाह योजिला आहे.

वडील हे वाचून मोठ्यानं हसले तर छापावं. नुसते ‘चालेल’ म्हणाले तर छापू नये, आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाले तर मुळीच छापू नये. तेव्हा मुलीकडची पत्रिका साधी ठेवून शेवटी एकच खोडकर टीप द्यावी: ‘वरपक्षाच्या पत्रिकेतील मुहूर्ताविषयीच्या मजकुराशी आम्ही सहमत आहोत.’ एवढ्यानं दोन्ही पत्रिका एकमेकींशी बोलायला लागतात. दोन्हीकडून आमंत्रण असलेल्या सामाईक ओळखीच्यांना त्याची जास्तच मजा येते.

छापायला देण्याआधी मजकूर मनात न वाचता मोठ्यानं वाचावा, आणि तोही ज्या बाजूची चेष्टा आहे तिच्या विरुद्ध बाजूच्या माणसापुढे. निखिलची चेष्टा त्याच्या मित्रांना वाचून दाखवण्यात अर्थ नाही, ते हसणारच. सायलीच्या आत्याला वाचून दाखवावी. तिनं ‘म्हणजे मुलगा बेजबाबदार आहे का?’ असं विचारलं तर शब्द जास्त झाले आहेत असं समजावं. उशिरा येण्यावर, विसरण्यावर, झोपेवर, वांग्याची भाजी न खाण्यावर हसता येतं. पगार, रंग, वजन, आधी मोडलेलं लग्न आणि देणंघेणं यांवर येत नाही. पाहुण्यांना कळणार नाहीत असे आतल्या गोटातले विनोदही नकोत. ‘लोणावळ्याची ती रात्र आठवते ना?’ हे वाचून मुलीच्या आईला जे आठवेल, ते लिहिणाऱ्याच्या मनात नसतं.

आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात लग्नानंतर येते. महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते आणि नोंदणीच्या कागदपत्रांत लग्नपत्रिका सर्रास मागितली जाते. दोघांची पूर्ण नावं, तारीख आणि लग्नाचं ठिकाण त्या पत्रिकेवर असावं लागतं. विनोदाच्या ओघात ‘आमचा निक्या आणि तुमची सायू’ असं छापलं असेल, तर खिडकीवरच्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही आणि प्रतिज्ञापत्राची धावपळ मागे लागते. वरच्या मजकुरात ‘श्रीकृपेकरून’ आणि ‘चि. सौ. कां.’सकट सगळा सांगाडा जागेवर ठेवला आहे, त्याचा इथे रोकडा फायदा होतो: आडनावं आणि पत्ते भरले की ती पत्रिका कागदपत्र म्हणूनही चालते. तरीही मनात धाकधूक असेल तर त्याच छपाईत पंचवीसेक साध्या पत्रिका काढून घ्याव्यात. देवापुढे ठेवायला, कचेरीत द्यायला आणि ज्यांच्या घरी नुकतंच दुःख झालं आहे त्यांना पाठवायला त्या लागतातच.

शेवटचा टप्पा छापखान्याचा. मजकूर मोबाइलवरून पाठवला की तो तिथल्या जुन्या फाँटमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात, आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. ते प्रूफमध्ये सापडतं. न सापडणारी चूक वेगळी असते. अक्षरजुळणी करणाऱ्या माणसाच्या हाताला जुनी पत्रिका इतकी सवयीची असते की तो विनोद भल्या मनानं दुरुस्त करून टाकतो. ‘११ वाजताचा सांगितला आहे’ ही त्याला गफलत वाटते, म्हणून तो तिथेही १२ वाजून ३५ मिनिटे करतो. ‘आजी (वय ८४)’च्या जागी परत चिंटू येऊन बसतो, आणि कंसातलं वाक्य ‘चुकून राहिलेलं’ म्हणून गळतं. तेव्हा मजकूर कागदावर छापून द्यावा, त्यातल्या विनोदी वाक्यांना लाल पेनानं चौकट करावी आणि कडेला स्वच्छ अक्षरात लिहावं: ‘हे असंच आहे, बदलू नये.’ प्रूफ आलं की आधी त्या चौकटी तपासाव्यात, मग तारीख, मग आडनावं. आणि प्रूफ तपासायला निखिलला पाठवू नये, त्याला मुहूर्त कळेल.